कॅशबुकात १,४२,३१० अन् पासबुकात १,८६,२०१, खरं कोणतं?

मीनल_मानेवाडा
नमस्कार मंडळी. आमची मानेवाडा रोडवर २४ फ्लॅटची सोसायटी आहे. आधीचे खजिनदार काका डिसेंबरात मुलाकडे पुण्याला गेले आणि "तू कॉमर्सची ना, मग तूच सांभाळ" म्हणत सगळ्यांनी कॅशबुक माझ्या हाती दिलं. कॉमर्स करून वीस वर्षं झाली, हे कुणी विचारलं नाही.

३१ मार्चला कॅशबुकातली बँकेची शिल्लक १,४२,३१० आहे. पासबुकात त्याच तारखेला १,८६,२०१. म्हणजे बँकेत ४३,८९१ रुपये जास्त. मी मार्च महिन्याच्या नोंदी दोन्हीकडे लाल पेनानं टिक करत गेले. बऱ्याच जुळल्या, काही उरल्या. आता डोकं चालत नाही.

ऑडिटर पुढच्या शुक्रवारी येणार. अध्यक्ष म्हणतात बँकेत जास्तच आहेत ना, मग कशाला काळजी. माझे मिस्टर म्हणतात पासबुक खरं धर आणि कॅशबुकात तो आकडा टाकून मोकळी हो. ताळेबंदात नेमका कोणता आकडा लिहायचा? आणि हा फरक एका नोंदीत मिटवता येतो का?

उन्हाळी_संत्रं
४३,८९१ जास्त निघाले म्हणजे सोसायटीचा कूलर पक्का. ४४ डिग्रीत आणखी काय पाहिजे.

सक्करदरा_टॅलीवाला
ताई, एवढं टेन्शन घेऊ नका. फरकाला आधी ९ नं भागून पाहा. भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटसुलट लिहिले गेले आहेत, ४५ च्या जागी ५४ असं. भाग नाही गेला तर फरक उचंत खात्यात, म्हणजे ठावठिकाणा न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात टाका आणि ऑडिटरला सांगा पुढच्या वर्षी शोधू. सगळेच करतात. पासबुक तर बँकेचं आहे, ते चुकत नाही.

खतावणी_काका
टॅलीवाले भाऊ, ९ ची युक्ती खरी आहे, पण तुम्ही ती चुकीच्या वेळी काढली. ४३,८९१ चे आकडे बेरीज करून पाहा, २५ येतात, ९ नं भाग जात नाही. पण गेला असता तरी त्याला अर्थ नव्हता. हा आकडा एका चुकीचा नाही. दहा-बारा वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज-वजाबाकी होऊन तो तयार झालाय. भाजीच्या पिशवीचं एकूण वजन पाहून आत वांगी किती, हे सांगता येतं का? ९ नं भागायचं ते सगळं काढून झाल्यावर तळाशी जे उरतं त्याला.

उचंत खात्याबद्दल तर बोलूच नका. मी ३२ वर्षं एका गिरणीच्या हिशेब खात्यात काढली. "पुढच्या वर्षी शोधू" म्हणून टाकलेली रक्कम मी निवृत्त झालो तेव्हाही तिथंच होती.

मीनलताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ताळेबंदात बहुतेक दोन्हीपैकी एकही आकडा जाणार नाही. तिसराच जाईल. उरलेल्या, म्हणजे टिक न झालेल्या नोंदींचे दोन ढीग करा. एका ढिगात जे नुसतं वेळेचं आहे ते. तुम्ही चेक दिला, समोरच्यानं अजून बँकेत टाकला नाही. तुम्ही चेक भरला, बँकेनं अजून जमा केला नाही. हे आपोआप जुळणार, त्यासाठी कॅशबुकात एक अक्षर लिहायचं नाही. दुसऱ्या ढिगात जे बँकेला माहीत आहे आणि तुमच्या वहीला नाही ते: व्याज, चार्जेस, कुणी परस्पर भरलेले पैसे, परत आलेला चेक, आणि तुमच्या वहीतल्या चुका. हे सगळं आधी ३१ मार्चच्या तारखेनं कॅशबुकात लिहून घ्या. वही दुरुस्त झाली की जी शिल्लक येते ती ताळेबंदात. आणि ती शिल्लक ते पासबुक एवढ्या प्रवासाचं पत्रक, त्यात फक्त पहिला ढीग.

दोन प्रश्न. तुम्ही टिक मारायला १ मार्चपासूनच का सुरुवात केली? आणि याआधी शेवटचं कधी जुळवलं होतं?

कॉमर्सचा_पोट्टा
काका, एक शंका. पुस्तकात लिहिलंय, दिलेला पण न वटलेला चेक मिळवायचा. आमच्या सरांनी नुसतं पाठ करा म्हटलं. पैसे तर आपण दिले ना, मग मिळवायचे काहून?

खतावणी_काका
पोट्ट्या, पाठ नको करू. तुझ्या वहीनं ते पैसे आधीच वजा केले. बँकेनं नाही केले. वहीच्या शिल्लकेवरून बँकेच्या शिल्लकेकडे जायचं असेल तर बँकेला जे अजून ठाऊक नाही ते पुसावं लागेल. वजा केलेलं पुसणं म्हणजे मिळवणं. उलट पासबुकाकडून निघालास तर तेच वजा. दरवेळी फक्त स्वतःला विचार, कुठून निघालो नि कुठे चाललो.

इतवारी_किराणा
माझंही हेच होऊन राहिलं बावा. माझं सीसी म्हणजे कॅश क्रेडिटचं, उधारीचं खातं आहे, तीन लाख वीस हजार बँकेचं देणं. कॅशबुकात तीन वीस, बँक दोन पंच्याण्णव दाखवते. माझा मुनीम म्हणतो पंचवीस हजाराचा चेक एका व्यापाऱ्यानं अजून टाकला नाही, मग मिळव. मी मिळवलं तर तीन पंचेचाळीस झाले. उलटंच गेलं ना! सीसीला नियम उलटे असतात काय?

मीनल_मानेवाडा
भाऊ, माझा प्रश्न सोसायटीचा आहे, सीसीचा नाही. :)

खतावणी_काका
राहू द्या ताई, चांगला प्रश्न आहे. नियम उलटे नसतात भाऊ, आकड्यापुढचं चिन्ह विसरलात. तुमची शिल्लक उणे ३,२०,००० आहे. उण्यात २५,००० मिळवा, उणे २,९५,००० येतात. बँक तेच म्हणते. उधारीच्या खात्याला पत्रकात ठसठशीत उणे लिहा आणि मग नियमाला हात लावू नका. तुमच्या मुनीमाचं बरोबर होतं, पगार वाढवा त्याचा.

इतवारी_किराणा
त्यालाच वाचून दाखवलं. आता दिवसभर ऐकवून राहिला मला.

धरमपेठ_जोशीण
पासबुकाबद्दल एक सांगते, आमच्या भिशी मंडळाचा अनुभव. आमचं पासबुक सात महिने छापलेलं नव्हतं. मशीनवर घातलं तर जुन्या नोंदी एकेक न येता कित्येक नोंदींची एकच ओळ आली. मग टिक कशाला मारणार? शाखेत गेलं तर प्रिंटर बंद, "उद्या या". उद्या गेलं तर लिंक नाही. शेवटी स्टेटमेंट काढलं तेव्हा प्रत्येक नोंद वेगळी दिसली. मीनल, तुझं पासबुक नीट छापलंय का बघ, नाहीतर आधी स्टेटमेंट घे.

मीनल_मानेवाडा
काका, जोशीकाकू, खूप धन्यवाद. पासबुक नीट आहे, दर महिन्याला छापलंय. काकांनी सांगितल्याप्रमाणे मार्चच्या उरलेल्या नोंदी लिहून काढल्या.

दिलेले, न वटलेले चेक: लिफ्टच्या देखभालीचा २७ मार्चचा १८,५०० आणि सुरक्षा एजन्सीचा ३० मार्चचा २२,०००. मिळून ४०,५००.
भरलेले, जमा न झालेले: ७,५०० (३० मार्चला संध्याकाळी बँकेच्या पेटीत टाकला) आणि ४,५०० (११ मार्चला भरला). मिळून १२,०००.
बँकेनं दिलेलं व्याज १,३८६. कुणीतरी एनईएफटीनं परस्पर भरलेले ९,०००. चेकबुकचे चार्जेस १७७, आणखी कसले तरी ११८.

आता १,४२,३१० मध्ये ४०,५०० मिळवले, १२,००० वजा केले, व्याज आणि ९,००० मिळवले, चार्जेस २९५ वजा केले. आले १,८०,९०१. पासबुक १,८६,२०१. अजून ५,३०० कमी पडतात. ९ नं भाग जात नाही, करून पाहिला.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर: १ मार्चपासून सुरुवात केली कारण वर्षअखेर मार्चमध्ये असते. :( शेवटचं कधी जुळवलं ते कॅशबुकाच्या मागच्या पानावर जुन्या काकांच्या अक्षरात आहे, ३० सप्टेंबरला. तिथे फरक शून्य लिहिलाय.

सक्करदरा_टॅलीवाला
५,३०० म्हणजे फार नाही ताई. वर्गणी कुणाची तरी राहिली असेल. इतर खर्चात टाका.

खतावणी_काका
इतर खर्चात टाकायचं काय कारण? पैसे बँकेत कमी नाहीत, जास्त आहेत. जास्तीच्या पैशाला खर्च दाखवणार?

ताई, ५,३०० नंतर. आधी मला तो ४,५०० चा चेक खटकतो. ११ मार्चला भरला म्हणता. ऑक्टोबर २०२५ पासून चेक वटवण्याची पद्धत बदलली, आता सकाळी टाकलेला चेक त्याच दिवशी निकाली निघतो. पूर्वीसुद्धा दोन-तीन दिवस लागत. मग वीस दिवस कुठं होता तो? ३० तारखेला संध्याकाळी पेटीत टाकलेला ७,५०० चा चेक राहिला, हे समजतं, १ एप्रिलला बँकांचं वर्षअखेरचं काम असतं. पण ११ मार्चचा राहूच शकत नाही.

आणि ते "कसले तरी ११८" कशाचे, ते पासबुकात काय लिहिलंय बघून सांगा. १०० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ११८. कुठला तरी ठराविक चार्ज आहे तो.

मीनल_मानेवाडा
अगं बाई. पासबुकात १२ मार्चला ४,५०० जमा आहेत, त्याच दिवशी ४,५०० नावे आहेत. खाली ११८, समोर `CHQ RTN CHG` असं छापलंय. जमा नि नावे दोन्ही एकमेकांना खाऊन जातात म्हणून मी पासबुकात दोन्हींवर रेघ मारली होती. मग कॅशबुकातला चेक उरला, तो मी "जमा व्हायचा" मध्ये टाकला.

म्हणजे चेक परत आलाय! दुसऱ्या मजल्यावरच्यांचा आहे. तीन महिन्यांची देखभाल. त्यांनी सांगितलंही नाही.

खतावणी_काका
हे बघा, धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. तुम्ही ४,५०० चुकीच्या ढिगात टाकला तरी बेरीज बिघडली नव्हती. जमा व्हायचा म्हणून वजा केला काय आणि परत आला म्हणून वजा केला काय, आकडा तोच. उद्या सगळं जुळलंही असतं, ऑडिटरनं सहीही केली असती, आणि त्या सभासदाच्या नावावर पैसे मिळाले असंच राहिलं असतं. पत्रक जुळलं म्हणजे बरोबर आहे, असं समजू नका.

म्हणून पहिल्या ढिगातली प्रत्येक नोंद एप्रिलच्या पासबुकात जाऊन पाहायची. खरोखर वेळेचीच असेल तर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत बँकेत दिसलीच पाहिजे. नाही दिसली की ती त्या ढिगातली नाही.

परत आलेल्या चेकसाठी ३१ मार्चला कॅशबुकात बँक कमी करा आणि त्या फ्लॅटच्या नावे ४,५०० पुन्हा येणं दाखवा. ११८ त्यांच्याकडून घ्यायचे की नाही ते तुमची कमिटी बघेल.

आता १ ऑक्टोबरपासून टिक मारा. वेळेचे चेक एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात उड्या मारत येतात. जिथं शेवटचं जुळलं होतं तिथूनच निघावं लागतं. मधून निघालात तर आधीचं ओझं दिसतच नाही.

वाडी_नाका
बँक चुकत नाही असं कुणीतरी वर म्हटलं. आमच्या क्रीडा मंडळाच्या खात्यात एकदा दुसऱ्याच कुणाचा तरी चेक नावे पडला होता, खातेक्रमांकातला एक आकडा वेगळा. अकरा दिवसांनी फिरवला, तोही अर्ज दिल्यावर. तेव्हा आमच्या खजिनदारानं तो कॅशबुकात खर्च म्हणून लिहून ठेवला होता. मग बँकेनं परत दिले तर उत्पन्न कसलं दाखवायचं म्हणून भांडण.

खतावणी_काका
बँकेची चूक वहीत लिहायची नसतेच. पत्रकात दाखवायची आणि बँकेला लेखी द्यायचं. तुमच्या खजिनदारानं दुसऱ्याची चूक स्वतःच्या घरात आणून ठेवली.

उन्हाळी_संत्रं
हा धागा वाचून मी माझं पासबुक काढून पाहिलं. ४१२ रुपये आहेत. जुळलं. तर्री पोहे खायला चाललो.

मीनल_मानेवाडा
काल रात्री साडेबारापर्यंत बसले. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळं टिक झालं, एक सोडून. १४ नोव्हेंबरला जिना रंगवणाऱ्या पेंटरला ६,२०० चा चेक दिला, तो पासबुकात कुठंच नाही. ना डिसेंबरात, ना मार्चमध्ये, ना आजपर्यंत.

आता ६,२०० मिळवले तर १,८७,१०१ होतात. पासबुक १,८६,२०१. आधी ५,३०० कमी पडत होते, आता ९०० जास्त झाले! वाढलं की कमी झालं, तेच कळेना.

खतावणी_काका
कमी झालं. ५,३०० मध्ये दोन गोष्टी लपल्या होत्या, एक इकडून एक तिकडून. म्हणूनच मघाशी ९ नं भाग जात नव्हता. आता तळाशी एकच चूक उरली असण्याची शक्यता आहे, आता टॅलीवाल्यांची युक्ती काढा. ९०० ला ९ नं भाग जातो.

सक्करदरा_टॅलीवाला
बघा, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं! पण मला तर वेगळंच वाटतं. ९०० चे अर्धे ४५०. कुठलातरी ४५० चा खर्च चुकून जमेकडे लिहिला गेला असेल. ४५० वजा व्हायच्या ऐवजी मिळाले, दुप्पट फरक पडला, ९००. कॅशबुकही जास्तच आहे. बरोबर बसतं.

मीनल_मानेवाडा
टॅलीवाले भाऊ, ४५० ची एक नोंद आहे खरी, पाण्याच्या टाकीच्या सफाईची, फेब्रुवारीत! बघते.

मीनल_मानेवाडा
ती खर्चाकडेच आहे. नीट आहे. आणि तसंही ती रोखीनं दिलेली आहे, बँकेच्या रकान्यात नाहीच. एक तास गेला.

खतावणी_काका
टॅलीवाल्यांचं म्हणणं चूक नव्हतं, दोन्ही शक्यता होत्याच. या युक्त्या कुठं बघायचं ते सुचवतात, काय झालं ते सांगत नाहीत.

आता एक करा. टिक मारताना तुम्ही काय पाहिलंत, नाव की आकडा? माणूस नाव वाचतो, "वीज बिल, हो वीज बिल", टिक. एकाला पासबुक द्या, तुम्ही कॅशबुक घ्या, आणि फक्त रकमा मोठ्यानं वाचा. नावं वाचायची नाहीत.

मीनल_मानेवाडा
सापडलं!!! मिस्टर पासबुक वाचत होते, मी कॅशबुक. जिन्याच्या दिव्यांचं मार्चचं वीज बिल. ते म्हणाले "पाच हजार चारशे साठ", मी म्हणाले "चार हजार पाचशे साठ", आणि दोघंही गप्प. दोन्हीकडे लाल टिक होती. माझीच. वर कॅशबुकातलं अक्षरही माझंच.

बिल काढून पाहिलं, ५,४६० आहे. म्हणजे बँक बरोबर, मी चूक. आता मिस्टर सगळ्या पाहुण्यांना सांगतात की फरक त्यांनी शोधला.

धरमपेठ_जोशीण
बिल काढून पाहिलंस ते छान केलंस. नाहीतर आपणच चुकलो असं धरून बँकेच्या आकड्याला मान डोलावतो. तिसरा कागद लागतोच.

मीनल_मानेवाडा
आता पूर्ण मांडते, काका एकदा बघा.

कॅशबुक शिल्लक १,४२,३१०
यात लिहायचं: व्याज १,३८६, परस्पर भरणा ९,०००, पेंटरचा न वटलेला चेक परत घेतला ६,२००
यातून कमी: चेकबुक चार्ज १७७, चेक परत चार्ज ११८, परत आलेला चेक ४,५००, वीज बिलातला फरक ९००
दुरुस्त कॅशबुक १,५३,२०१

पत्रक: १,५३,२०१ मध्ये न वटलेले ४०,५०० मिळवले, जमा व्हायचे ७,५०० वजा केले. आले १,८६,२०१.

एप्रिलच्या पानावर सुरक्षा एजन्सीचा चेक २ एप्रिलला वटला, ७,५०० त्याच दिवशी जमा झाले, लिफ्टवाल्यांचा चेक ४ तारखेला. पाहिलं.

खतावणी_काका
बरोबर. ताळेबंदात १,५३,२०१ जाईल. पहिल्या दिवशी मिस्टरांचं ऐकून पासबुकाचा आकडा घातला असता, तर ३३,००० रुपये जास्त दाखवले असते, जे सोसायटीचे नाहीत. कूलरवाले संत्रं कुठं गेले?

पेंटरचा चेक तुम्ही कॅशबुकात परत घेतला ते योग्य. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०१२ पासून सहाचे तीन केले. १४ नोव्हेंबरचा चेक फेब्रुवारीच्या मध्यातच शिळा झाला. तो न वटलेल्यांच्या यादीत ठेवला तर वर्षानुवर्षं तिथंच बसेल.

सक्करदरा_टॅलीवाला
मग ६,२०० उत्पन्नात घ्या. पेंटरनं सोडले, सोसायटीचा फायदा.

खतावणी_काका
पेंटरनं सोडले असं कुणी सांगितलं? चेक शिळा झाला, उधारी नाही शिळी झाली. त्यानं जिना रंगवलाय. ६,२०० त्याचं देणं म्हणून दाखवा.

वाडी_नाका
किती वर्षं दाखवायचं पण? आमच्या मंडळाच्या ताळेबंदात आठ वर्षांपूर्वीच्या मंडपवाल्याचं देणं अजून आहे. मंडपवाल्यानं धंदाही बंद केला. कधीतरी उत्पन्नात घ्यावंच लागेल ना?

खतावणी_काका
आठ वर्षांचं वेगळं, चार महिन्यांचं वेगळं. तुमच्या प्रकरणात सर्वसाधारण सभेत ठराव करून घेतात लोक. ऑडिटर ऑडिटरनुसार मतं वेगळी असतात, मी हट्ट धरणार नाही.

मीनल_मानेवाडा
पेंटर हिंगण्याला राहतात, फोन लागला. चेक शर्टाच्या खिशात राहून धुतला गेला म्हणे! लाजून मागितलाच नाही त्यांनी. जुना चेक बँकेत थांबवायचा अर्ज देते आणि नवीन काढते. देणंच दाखवते.

आता उरले ते ९,०००. पासबुकात फक्त एक आडनाव आहे, फ्लॅट नंबर नाही. त्या आडनावाची आमच्याकडे तीन कुटुंबं. आमची देखभाल महिन्याला १,५००, म्हणजे सहा महिन्यांचे असावेत, पण तिघांपैकी दोघांचे सहा-सहा महिने थकलेत. दोघंही म्हणतात आम्हीच भरले.

इतवारी_किराणा
दोघांनाही यूटीआर नंबर मागा ताई. ज्यानं खरंच पाठवले त्याच्या मोबाइलमध्ये असतो. ज्यानं नाही पाठवले तो म्हणेल "मोबाइल बदलला".

मीनल_मानेवाडा
दोघांनीही मोबाइल बदललाय. :)

सक्करदरा_टॅलीवाला
मग सापडेपर्यंत ९,००० कुठं टाकणार ताई? उचंत खात्यातच ना?

खतावणी_काका
हो, ९,००० उचंतीतच. पैसे आलेत हे पक्कं, कुणाचे ते नाही, अशाच रकमेसाठी ते खातं असतं. शेजारी तारीख आणि बँकेचा संदर्भ क्रमांक लिहा. आणि पाठवणाऱ्याचा तपशील मिळावा म्हणून शाखेत लेखी अर्ज द्या, तोंडी नको.

कॉमर्सचा_पोट्टा
काका, परीक्षेत असं दोन फ्लॅटवाल्यांचं भांडण येत नाही ना?

मीनल_मानेवाडा
अपडेट. ऑडिटर येऊन गेले, पत्रक पाहिलं, चेक परत आल्याची नोंद पाहून "हे शोधलंत?" असं विचारलं. बँकेनं अर्जाला उत्तर दिलं, ९,००० एका ट्रान्सपोर्टच्या खात्यातून आलेत, मालकाचं आडनाव तेच. आमच्या तिघांपैकी कुणाचाच ट्रान्सपोर्टचा धंदा नाही. तिसरे, ज्यांचं काही थकलेलं नाही, ते म्हणतात त्यांच्या भाच्याचा आहे, पण त्यानं कशाला भरावे ते त्यांनाही ठाऊक नाही. ते भाच्याला फोन करणार आहेत, तोवर नोटीस बोर्डावर कागद लावलाय.